सेव्हिंगला पडलेले पैसे 'कमी होतात' म्हणजे नक्की काय होतं?

हिरवी_मिरची (ऐरोली) | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री १०:४०

घरात गेला आठवडाभर एकाच विषयावर वाद चालू आहे, म्हणून शेवटी धागा काढतेय.

२०२० च्या सुरुवातीला कळव्याची सासूबाईंची खोली विकली. देणी-घेणी, भावाबहिणींचे वाटे वजा जाता आमच्या हातात १२ लाख राहिले. घणसोलीत नाहीतर कोपरखैरण्यात वन बीएचके बघायचा, तेव्हा डाउन पेमेंटला उपयोगी पडतील म्हणून माझ्या नावावर सरकारी बँकेच्या सेव्हिंग खात्यात टाकले. मग लॉकडाऊन आलं, मग मुलीची दहावी आली, घर काही झालं नाही. पैशाला हात लावलेला नाही. आज पासबुकात १३ लाख ९० हजारांच्या आसपास दिसतात.

नवरा म्हणतो, "हे पैसे दरवर्षी कमी होतायत." मी म्हणते, पासबुक तर वाढलेलं दाखवतंय, एक लाख नव्वद हजार व्याज आलंय, कमी कुठून झाले? तो म्हणतो महागाई. मला महागाई कळते हो, भाजी मीच आणते. पण आपल्याच पैशाचा नेमका किती भाग गेला, हे आकड्यात कुणी सांगेल का? आणि आता काय करावं? घर अजून दोन वर्षांत घ्यायचंच आहे, त्यामुळे शेअर मार्केट नको.

---

रात्रपाळी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:२५

ताई, सेव्हिंगला सध्या अडीच टक्के. महागाई सहा टक्के. म्हणजे वर्षाला साडेतीन टक्के बुडाले. १३.९ लाखांवर जवळजवळ ४९ हजार. विषय संपला. निफ्टी इंडेक्स फंडात टाका.

---

चंपक_नौपाडा | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

रात्रपाळी, पेपर वाचत जा रे बाबा. गेल्या आठवड्यात ऑक्टोबरचा आकडा आला. किरकोळ महागाई ०.२५ टक्के! सहा कुठून आणलेस? बँक अडीच देते, महागाई पाव टक्का, म्हणजे ताई सध्या सव्वादोन टक्के फायद्यात आहेत. नवऱ्याला दाखवा हा प्रतिसाद.

आणि दोन वर्षांत लागणारे पैसे इंडेक्स फंडात टाकायला सांगणं हा गुन्हा समजला पाहिजे. 😀

---

हिरवी_मिरची | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

पाव टक्का?? मग शाळेची फी, रिक्षा, कामवाल्या मावशींचा पगार यातलं काहीच पाव टक्क्याने वाढलेलं मला दिसलं नाही.

---

माजी_रोखपाल (ठाणे पूर्व) | १७ नोव्हेंबर, दुपारी १:१५

तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. जरा सविस्तर लिहितो.

चंपकराव, तुमचा आकडा खरा आहे, निष्कर्ष अर्धाच आहे. ऑक्टोबरचा ०.२५ म्हणजे मागच्या ऑक्टोबरच्या तुलनेत भाव एवढेच वाढले. मागच्या वर्षी याच महिन्यात भाज्या कडाडल्या होत्या, यंदा पडल्या. वर सप्टेंबरअखेर जीएसटी कमी झाला. निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ ४६ टक्के असल्यामुळे तेवढ्यावर अख्खा आकडा खाली आला. अन्न आणि इंधन बाजूला काढून पाहिलं तर महागाई आजही चार टक्क्यांच्या वर आहे. हिरवीताईंना फी आणि रिक्षात जे दिसतंय ते हेच. शिवाय महागाईचा वेग मंदावला म्हणजे मागच्या पाच वर्षांत चढलेले भाव खाली आले असं नाही. ते जिथे चढले तिथेच आहेत.

ताईंचा प्रश्न एका महिन्याचा नाही, २०२० पासूनचा आहे. तर तोच हिशोब करू. पूर्ण आर्थिक वर्षांचे आकडे हाताशी असतात म्हणून एप्रिल २०२० ते मार्च २०२५ अशी पाच वर्षं घेतो. सरकारी निर्देशांकाप्रमाणे सरासरी महागाई अशी होती: ६.२, ५.५, ६.७, ५.४ आणि ४.६ टक्के. यांची नुसती बेरीज करू नका, एकावर एक चढवा. उत्तर येतं साधारण ३१.८ टक्के. म्हणजे एप्रिल २०२० च्या आसपास १२ लाखांत जेवढं येत होतं, तेवढंच घ्यायला मार्च २०२५ मध्ये १५ लाख ८२ हजार लागत होते.

सेव्हिंगचा दर त्या काळात मोठ्या सरकारी बँकेत २.७ च्या आसपास होता, व्याज तिमाहीला जमा. १२ लाखांचे झाले १३ लाख ७३ हजार. म्हणजे पासबुक पावणेदोन लाखांनी वाढलं, पण लागत होते पावणेचार लाखांहून जास्त. मधली तूट दोन लाख नऊ हजार. उलट बाजूने सांगायचं तर तुमच्या आजच्या रकमेची खरेदीची ताकद २०२० च्या भाषेत १० लाख ४० हजारांची आहे. नवरा बरोबर आहे, तुमचं पासबुकही बरोबर आहे.

यात अजून आयकर धरलेला नाही. सेव्हिंगच्या व्याजावर टीडीएस कापत नाहीत, म्हणून लोकांना ते करमुक्त वाटतं. तसं नाही. जुन्या करपद्धतीत १० हजारांपर्यंत वजावट मिळते, नव्यात तीही नाही. तुम्ही जुन्या पद्धतीत वीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर वर्षाला पाचेक हजार त्यातही गेले. विवरणपत्रात दाखवत होता ना? बँक तो आकडा आयकर खात्याला कळवते.

---

हिरवी_मिरची | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:०५

काका, दाखवतो, सीए करतो सगळं. जुन्याच पद्धतीत आहे.

हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे त्याच वेळी एफडी केली असती तर ते दोन लाख वाचले असते?

---

माजी_रोखपाल | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:३०

पूर्ण नाही. हेही खरं सांगायला हवं.

२०२० मध्ये मोठ्या बँकांत पाच वर्षांच्या एफडीला साडेपाच टक्क्यांच्या आसपास मिळत होते, तेव्हा दर पडलेलेच होते. १२ लाखांचे पाच वर्षांनी साधारण १५ लाख ७७ हजार झाले असते, म्हणजे महागाईच्या रेषेला जेमतेम टेकले असते. दरवर्षीच्या व्याजावर वीस टक्के कर भरला की हातात १४ लाख ९० हजारांच्या जवळपास. म्हणजे एफडीतही ताकद थोडी घटलीच असती, पण तूट दोन लाखांऐवजी नव्वद हजारांची. एफडीने माणूस श्रीमंत होत नाही, झीज कमी होते. दोन वर्षांत लागणाऱ्या पैशाकडून याहून जास्त अपेक्षा मी ठेवत नाही.

---

घंटाळीची_आजी | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२०

मी ७१ वर्षांची आहे. यजमानांची पेन्शन मला मिळते ती सेव्हिंगला जमा होते आणि मी तशीच ठेवते, पाच लाख झाले आहेत. मुलगा म्हणतो पोस्टात ठेव. पण ते पैसे मग अडकतात ना? मला रात्री-अपरात्री हॉस्पिटलला लागले तर?

---

माजी_रोखपाल | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:००

आजी, नमस्कार. पोस्टाच्या किंवा बँकेच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला सध्या ८.२ टक्के आहे, दर तिमाहीला व्याज खात्यात येतं, मुदत पाच वर्षं. मधेच मोडता येते पण थोडी रक्कम कापतात. पाचातले तीन तिथे, आणि दोन बँकेत हाताशी, असं मुलाला सांगून बघा. हॉस्पिटलसाठीचे दोन अजिबात पोस्टात नकोत, रविवारी पोस्ट बंद असतं. आणि खात्यावर मुलाचं नाव नॉमिनी म्हणून लागलंय का, तेवढं तपासा.

---

घणसोलीचा_गण्या | १७ नोव्हेंबर, रात्री ९:४५

हिरवीताई, आमच्या इथल्या पतसंस्थेत साडेनऊ टक्के देतात. गेली आठ वर्षं माझे आहेत, एक दिवस उशीर नाही. ते लोक ओळखीचे आहेत. कशाला त्या बँकेच्या मागे लागताय?

---

चंपक_नौपाडा | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

गण्या, ठेव विमा आहे का तिथे?

---

घणसोलीचा_गण्या | १७ नोव्हेंबर, रात्री १०:१२

पाच लाखांचा असतो ना सगळीकडे.

---

माजी_रोखपाल | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

नसतो. पाच लाखांचं संरक्षण बँकांतल्या ठेवींना आहे. त्यात सरकारी, खासगी, स्मॉल फायनान्स आणि नागरी सहकारी बँकाही येतात. पतसंस्था ही बँक नव्हे, तिथल्या ठेवीला हा विमा लागू नाही. गण्याभाऊंची संस्था उत्तम असेल, मी नाव विचारत नाही. पण बाजारात सव्वासहा मिळत असताना कुणी साडेनऊ देत असेल, तर तो ते कर्ज कुणाला आणि किती टक्क्यांनी देतोय हे वार्षिक अहवालात बघावं. थकबाकीचा आकडा तिथे छापलेला असतो.

यावरून आठवलं, हिरवीताई, तुमचे १३.९ लाख एकाच बँकेत, एकट्याच्या नावावर आहेत. विमा मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपुरताच. सरकारी बँक आहे म्हणून तुम्हाला झोप लागते, ठीक आहे, पण पुढे रक्कम फिरवणारच आहात तर हेही डोक्यात असू दे.

---

रात्रपाळी | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:००

ओके, दोन वर्षांसाठी इंडेक्स फंड नको, मान्य. माझ्या कंपनीतले बरेच जण लिक्विड फंड वापरतात, एफडीच्या आसपास परतावा, टीडीएस नाही, विकल्यावरच टॅक्स. ऑटो स्वीप पण ऐकलंय. काका, ते खरंच चालतं का? मला बँकेच्या ॲपमध्ये दिसतं पण कधी चालू केलं नाही.

---

माजी_रोखपाल | १८ नोव्हेंबर, दुपारी २:१०

लिक्विड फंड वाईट नाही. पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी येतात. लगेच काढायची सोय काही फंडांत असते, ती पन्नास हजारांपर्यंतच. विमा नाही, एनएव्ही क्वचित एखाद-दोन दिवस खालीही येते. ज्यांना कधी फंड घेतलाच नाही त्यांनी घराच्या पैशावर पहिला प्रयोग करावा, असं मी म्हणणार नाही.

स्वीपबद्दल मात्र लोकांत इतके गैरसमज आहेत की काउंटरवर रोज समजावून घसा बसायचा. तुम्ही एक मर्यादा ठरवता, किंवा बँक ठरवून देते. समजा नव्वद हजार. त्यावरची रक्कम हजाराच्या पटीत आपोआप एफडी होते. खात्यात पैसे कमी पडले, चेक आला, ईएमआय आला, की एफडीतले लागतील तेवढेच हजार मोडून खात्यात येतात, बाकीचे जुन्या दराने चालू राहतात. आमच्या बँकेत शेवटी बनलेली एफडी आधी मोडायची, ती पद्धत ग्राहकाच्या फायद्याची, कारण जुनीचं व्याज शाबूत राहतं. तुमच्या बँकेत उलटं आहे का, हे विचारा.

ताईंच्या रकमेवर बघू. ९० हजार खात्यात, १३ लाख स्वीपमध्ये. एक वर्षाला सव्वासहा टक्के धरले तर व्याज ८१,२५०. तेच सेव्हिंगला अडीचने ३२,५००. फरक वर्षाला पावणेएकोणपन्नास हजार, कराआधी. करानंतरही पस्तीस हजारांच्या वर.

आता कुठे फसगत होते ते. स्वीप म्हणजे सव्वासहा टक्क्यांचं सेव्हिंग खातं नव्हे. मुदतीआधी मोडलेल्या भागाला जेवढे दिवस पैसे राहिले त्या मुदतीचा दर मिळतो, आणि त्यातून बहुतेक ठिकाणी अर्धा टक्का कापतात. आमच्याकडच्या आजच्या तक्त्यात दीड महिन्यापर्यंतच्या ठेवीला तीनच्या आसपास आहे. अर्धा गेला की उरले अडीच, म्हणजे सेव्हिंगइतकेच. सात दिवसांच्या आत मोडली तर काहीच नाही. चार महिने राहिली तर पाचाच्या जवळपास, कापून साडेचार. म्हणून ज्याच्या खात्यात पगार येतो आणि वीस तारखेपर्यंत संपतो, त्याला स्वीपचा काडीचा फायदा नाही. वर्षानुवर्षं पडून राहणाऱ्या रकमेलाच तो आहे.

दुसरं, चालू केल्यावर पासबुकात शिल्लक एकदम ९० हजार दिसते. त्या दिवशी किमान एक तरी आजोबा बँकेत येऊन "माझे पैसे कुठे गेले" म्हणून टेबलावर काठी आपटायचे.

---

सोसायटी_सेक्रेटरी (वाशी) | १८ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

चांगला धागा. आमच्या सोसायटीचा सिंकिंग फंड गेली कित्येक वर्षं सेव्हिंगलाच आहे. खजिनदार म्हणतात "रिपेअरला कधीही लागेल." इमारत १९९० च्या दशकातली, प्लास्टर निघतंय, आणि ठेकेदाराचं प्रत्येक नवं कोटेशन मागच्यापेक्षा जास्त. सभेत हा धागा वाचून दाखवू का?

---

माजी_रोखपाल | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:००

दाखवा, पण सोसायटीचा पैसा मनाला येईल तिथे ठेवता येत नाही. सहकार कायद्याच्या कलम ७० मध्ये कुठे गुंतवायचा ते दिलंय. ऑडिटरना लेखी विचारा आणि मगच ठराव करा. सिंकिंग फंड मुळात दीर्घ मुदतीला ठेवायचाच असतो, 'कधीही लागेल' ते दुरुस्ती निधीचं काम.

---

रबाळे_लोकल | १८ नोव्हेंबर, रात्री ८:३०

स्वीपवर कुणी एक गोष्ट बोललं नाही. ज्या खात्याला तुमचं यूपीआय जोडलंय त्याच खात्याला स्वीप जोडलं, तर खात्यात हात घातलेल्या माणसाला एफडीपर्यंत रस्ता मोकळा. मोडायला त्याला वेगळं काही करावं लागत नाही, बँकच मोडून देते. आमच्या चुलत्यांना 'केवायसी अपडेट'चा फोन आला, त्यांनी मोबाईलवर कसलंसं ॲप घेतलं आणि नेटबँकिंगमधून पैसे जाऊ लागले. सेव्हिंगला वीसच हजार होते, पण स्वीपमधून आणखी गेले. माझं यूपीआय तेव्हापासून एका वेगळ्या छोट्या खात्याला आहे, त्यात पंधरा हजारांच्या वर कधी ठेवत नाही.

---

माजी_रोखपाल | १८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

अगदी बरोबर मुद्दा. मी सुचवायला हवं होतं. घराच्या पैशाला स्वीप नकोच मग, साध्या एफडी वेगवेगळ्या करा. ऑनलाइन मोडायची सोय बंद करता येते का तेही शाखेत विचारा.

---

चंपक_नौपाडा | १८ नोव्हेंबर, रात्री ९:३५

मग ताई, साडेचार, साडेचार आणि चार लाख अशा तीन बँकांत तीन एफडी करा. विम्यात बसतात, आणि एका बँकेत व्याज पन्नास हजारांच्या खाली राहिलं की टॅक्स पण लागत नाही. दोन दगडांत तीन पक्षी!

---

माजी_रोखपाल | १८ नोव्हेंबर, रात्री १०:००

पन्नास हजारांची मर्यादा टीडीएसची आहे चंपकराव, कराची नाही. टीडीएस कापला नाही तरी तिन्ही बँकांचं व्याज एकत्र करून विवरणपत्रात दाखवायचं आणि कर भरायचा. ही गल्लत इतकी पसरलेली आहे की मला आता राग येत नाही, फक्त दमायला होतं.

बाकी वाटणी चांगली आहे. साडेचार लाखांवर वर्षाचं व्याज मिळवलं तरी चार लाख अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी हजार होतात, पाचाच्या आत. तीन बँकांत धावपळ नको असेल तर त्याच बँकेत एक एकटीच्या नावाने, एक दोघांच्या नावाने ठेवली तरी विम्यासाठी ती वेगळी धरतात.

---

रात्रपाळी | १८ नोव्हेंबर, रात्री ११:५०

काका, या वर्षात रेपो साडेसहावरून साडेपाचवर आलाय. पुढे एफडीचे दर अजून पडले तर? आत्ताच तीन वर्षांची करून दर पक्का करून टाकावा ना.

---

माजी_रोखपाल | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

पडतील की नाही हे मला माहीत असतं तर मी पेन्शनवर नसतो. घर दोन वर्षांत घ्यायचं असेल तर एक एफडी वर्षाची, बाकी दोन दोन-दोन वर्षांच्या. टोकन द्यायची वेळ आली तर एकच मोडावी लागेल, तिघींचं व्याज जाणार नाही.

---

सोसायटी_सेक्रेटरी | १९ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

माझी एक शंका. सगळा हिशोब किरकोळ निर्देशांकावर केलात. ताई डाळ-तांदूळ घेणार नाहीत, फ्लॅट घेणार आहेत. घणसोलीतल्या फ्लॅटचे भाव २०२० पासून ३१.८ टक्केच वाढलेत का? आमच्या सेक्टरमध्ये तरी त्याहून बरेच चढलेत. मग त्यांची खरी तूट दोन लाखांहून मोठी नाही का?

---

माजी_रोखपाल | १९ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

तुमचं म्हणणं पटतं, पण त्याला माझ्याकडे ठोक उत्तर नाही. ज्या इमारतीत बघायचं तिथले २०२० चे आणि आजचे नोंदणीचे दस्त काढून बघा, ऑनलाइन शोधता येतात. मात्र फ्लॅटच्या भावाशी धावायचं म्हणून डाउन पेमेंट जोखमीत टाकणं मला मान्य नाही.

---

चंपक_नौपाडा | १९ नोव्हेंबर, दुपारी १:००

मला वाटतं त्यापेक्षा आत्ताच फ्लॅट घेऊन टाका. व्याजदर पडलेत, कर्ज स्वस्त आहे.

---

हिरवी_मिरची | १९ नोव्हेंबर, रात्री ९:५५

चंपकदादा, तुम्ही डाउन पेमेंट सोडून बाकीचे हप्ते भरणार असाल तर उद्याच घेते. 😄

सगळ्यांचे आभार. काकांचा पहिला मोठा प्रतिसाद जेवताना मोठ्याने वाचला, नवरा "मी सांगत होतो" असं एकूण चार वेळा म्हणाला. ९० हजार आहे त्या खात्यात ठेवतेय. बाकी १३ लाखांतले साडेचार याच बँकेत वर्षाच्या एफडीला, साडेचार नवऱ्याच्या बँकेत दोघांच्या नावाने, दोन वर्षांसाठी. यूपीआय पगाराच्या दुसऱ्या खात्याला हलवलं, रबाळेभाऊंचं वाचून आजच केलं.

उरलेल्या चार लाखांवर अजून एकमत नाही. सासूबाईंचं म्हणणं सोनं. त्यांना काय सांगू, २०२० पासून सोन्याचा भाव बघितला तर त्याच आम्हा सगळ्यांपेक्षा पुढे निघतात.

---

घंटाळीची_आजी | १९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

सासूबाईंना सांगा, सोनं विकायला गेलं की घडणावळ परत मिळत नाही. मी दोनदा विकलंय.

रोखपाल भाऊ, मुलाचं नाव नॉमिनीत नव्हतंच. यजमानांचंच होतं अजून. उद्या बँकेत जाते आहे, पासबुक आणि आधार पुरेल ना?

---

माजी_रोखपाल | १९ नोव्हेंबर, रात्री १०:४५

पुरेल आजी. मुलाची जन्मतारीख आणि पत्ता लिहून न्या, फॉर्मवर विचारतात. पोच घ्यायला विसरू नका, आणि सकाळी अकरानंतर जा, आधी गर्दी असते.